खालचा रॉड मेला, असं म्हणण्याआधी

(घरगुती बेकिंग करणाऱ्यांच्या मेळाव्यात, सांगलीत दिलेलं व्याख्यान, संपादित)

गेल्या पावसाळ्यात मिरजेहून एक ताई ओटीजी घेऊन दुकानात आल्या. तीस लिटरचा, १५०० वॅटचा, वर दोन रॉड आणि खाली दोन. सोबत डब्यात चार नानकटाया होत्या, पुरावा म्हणून. वरून खरपूस, खालून पांढरट आणि मऊ. म्हणाल्या, “दादा, खालचे दोन्ही रॉड महिन्याभरापूर्वी नवीन घातलेत. पैसे गेले, आणि नानकटाई आहे तिथंच आहे.” मी विचारलं, कधीतरी बरी भाजते का? म्हणाल्या, “हो, एखाद्या दिवशी अगदी छान येते. मग पुन्हा तेच.”

हे दुसरं वाक्य महत्त्वाचं होतं. तुटलेला रॉड सहसा एखाद्या दिवशी बरा होत नाही. आतली तार तुटली की तुटली. कधी चालतं, कधी नाही, असं असेल तर माझा संशय आधी जोडांवर आणि स्विचवर जातो.

ओटीजीच्या आत फार काही नसतं. प्लगमधून येणारी फेज आधी टायमरमध्ये जाते, तिथून थर्मोस्टॅटमध्ये, तिथून वर, खाली की दोन्ही ते ठरवणाऱ्या सिलेक्टर स्विचमध्ये. काही मॉडेलांत क्रम थोडा इकडेतिकडे असतो. सिलेक्टरपर्यंत वाट एकच असते. तिथं तिला दोन फाटे फुटतात, एक वरच्या रॉडांकडे, एक खालच्या. नदीला धरणाआधी पाणी नसेल तर दोन्ही कालवे कोरडे राहतील. एकच कालवा कोरडा असेल तर दोष धरणापासून पुढं, त्याच कालव्यात. तेव्हा एकच बाजू तापत नसेल तर टायमर आणि थर्मोस्टॅट निर्दोष सुटले. उरतात त्या बाजूचे रॉड, त्यांच्या वायरी आणि सिलेक्टरमधला त्यांचा संपर्क. तरी लोक थर्मोस्टॅट बदलून आणतात, कारण ‘ओव्हन नीट तापत नाही’ एवढंच सांगितलेलं असतं.

आता तपासायचं कसं? पहिली तपासणी झाकण न उघडता होते. ओव्हन पूर्ण थंड करा, प्लग भिंतीतून काढून टेबलावर ठेवा. थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर, टायमर फिरवून चालू. आता मल्टिमीटर ओमवर लावून प्लगच्या फेज आणि न्यूट्रल या दोन पिनांमध्ये मोजा. जाड अर्थ पिन सोडून. सिलेक्टर ‘वर’ला ठेवून एकदा, ‘खाली’ला एकदा, ‘दोन्ही’ला एकदा.

किती यायला हवं? हे पाठ करायची गरज नाही. घरातल्या विजेचे व्होल्ट २३०, त्याचा वर्ग ५२,९००. त्याला त्या बाजूच्या वॅटने भागायचं. १५०० वॅटच्या ओव्हनमध्ये वर ७५० आणि खाली ७५० असेल, तर एका बाजूला साधारण ७० ओम. दोन्ही बाजू एकदम लागल्या की निम्मे, ३५ ओम. या रॉडांतली तार तापली तरी तिचा ओम थोडाच वाढतो, म्हणून थंड मापही उपयोगी पडतं. तुमच्या ओव्हनमध्ये आत दिवा किंवा पंखा असेल तर माप खाली-वर होईल, तेवढं लक्षात ठेवा.

मिरजेच्या ओव्हनचं ‘वर’ला ७१ आलं. ‘खाली’ला काहीच नाही. ‘दोन्ही’ला पहिल्यांदा ७१, म्हणजे फक्त वरचे. मी नॉब जरासा हलवला, तर आकडा ३६ वर आला आणि परत ७१ वर गेला. प्लगला हात लावून दोन मिनिटं झाली नव्हती, आणि कळलं की खालचे रॉड शाबूत आहेत. नाहीतर ३६ कुठून येणार?

मग आधीच्या मेकॅनिकने ते बदलले का? त्याने केलं असेल ते माझ्या मते असं. तार सलग असेल तर वाजणाऱ्या बझरवर मीटर लावला, खालच्या रॉडांच्या दोन टोकांना सळ्या टेकवल्या, वाजलं नाही, म्हणून रॉड गेला. ही चूक मी शिकाऊ असताना केली आहे, म्हणून ओळखतो. बऱ्याच मीटरांचा बझर साधारण ५० ओमच्या आतच वाजतो. मीटरागणिक फरक असतो, पण ७० ओमला गप्प बसणारे पुष्कळ. अशा ओव्हनमध्ये एका बाजूचे दोन रॉड बहुतेक वेळा सिरीजमध्ये असतात, म्हणजे एकाच्या शेपटीला दुसरा. प्रत्येकी ३५ ओम, मिळून ७०. बझर गप्प राहिला म्हणजे रॉड मेला, असं नाही. तार सलग आहे का, हे पाहायचं ते आकडा वाचून.

सिरीजचा आणखी एक परिणाम: खालच्या दोनपैकी एक रॉड तुटला तरी दोन्ही थंड पडतात. तेव्हा ‘दोन्ही रॉड एकदम कसे गेले’ असं वाटलं तर एकच गेलेला असतो. प्रत्येकाला वेगळं मोजा. एक ३५ दाखवेल, दुसरा काहीच नाही. मोजताना रॉडचं एक टोक वायरीतून सोडवून घ्या. नाहीतर मीटर दुसऱ्या वाटेने फिरून येतो आणि भलताच आकडा दाखवतो.

मीटर नसलेल्यांसाठी एक युक्ती सांगतो, घरच्या बिलाच्या मीटरवरची. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ 3200 imp/kWh. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. ओव्हन ‘खाली’ला लावा. ७५० वॅट म्हणजे तासाला २४०० लुकलुक, मिनिटाला ४०. ‘दोन्ही’ला मिनिटाला ८० यायला हव्यात. थंड ओव्हनमध्ये पहिल्या दोन मिनिटांतच मोजा, थर्मोस्टॅटने वीज तोडायच्या आत. मिरजेच्या ताईंनी हे घरी केलं असतं तर ‘दोन्ही’ला ४० च आल्या असत्या.

पुढचं काम झाकण उघडायचं, ते सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. करणार असाल तर प्लग काढलेला असावा आणि तो तुमच्या नजरेसमोर असावा. उघडण्याआधी मोबाइलवर वायरींचा फोटो काढा.

सिलेक्टरच्या मागे चार-पाच पट्ट्या बाहेर येतात आणि त्यांच्यावर लग, म्हणजे वायरींच्या टोकांचे धातूचे खोबणीदार तुकडे, घट्ट बसलेले असतात. इथं माझ्या डोळ्यांनीच अर्धं काम केलं. खालच्या रॉडांकडे जाणाऱ्या लगचं आवरण तपकिरी पडलेलं आणि तो बोटाने हलत होता. वायर काढली आणि सिलेक्टरच्या येणाऱ्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत मोजलं. चांगला संपर्क अर्ध्या ओमच्या आत असतो. मीटरच्या सळ्या एकमेकींना टेकवून जे माप येतं ते वजा करून. इथं नॉब ‘खाली’ला ठेवला की एकदा काहीच नाही, एकदा अडीच ओम.

अडीच ओम ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यातून सव्वातीन अँपिअर जातात, म्हणजे त्या एका ठिपक्यावर पंचवीस वॅट. सोल्डरिंगचं छोटं आयर्न साधारण तेवढ्याचंच असतं. ते प्लॅस्टिकच्या स्विचमध्ये तासभर तापत ठेवल्यासारखं आहे. लग सैल होतो, म्हणून तापतो. तापल्यामुळे आतल्या पट्टीची स्प्रिंग मऊ पडते आणि संपर्क आणखी सैल होतो. नवीन रॉड घालूनही फरक का पडला नाही, ते इथं कळलं.

स्विच पॉलिश करून पुन्हा बसवता येतो, पण मी बसवत नाही. मऊ पडलेली स्प्रिंग पॉलिशने कडक होत नाही. नवीन स्विच आणला, पट्ट्यांचा क्रम आणि नॉबच्या दांडीचा आकार जुन्याशी जुळवून, १६ अँपिअरचा. सोबत नवीन लगही दाबून बसवला. जळका लग नव्या स्विचवर चढवला तर वर्षभरात ओव्हन परत येतो. आणि इथं साधी प्लॅस्टिक आवरणाची घरगुती वायर चालत नाही. काचेच्या धाग्याचं किंवा सिलिकॉनचं आवरण हवं. जोड डाग देऊन करायचा नाही, वितळतो.

नंतर प्लगवर पुन्हा तीन मापं: ७१, ७१, ३५. शेवटी अर्थ पिन आणि फेज पिन यांच्यात मोजलं, तिथं काहीच दाखवायला नको. हे पावसाळ्यात हमखास पाहतो. रॉडच्या आत तारेभोवती पांढरी भुकटी असते, ती ओल ओढते. महिनाभर न वापरलेला ओव्हन लावला की वीज गळली की पुरवठा तोडणारा घराचा ईएलसीबी पडतो तो त्याचमुळे. तेव्हा अर्थ काढून टाकून ओव्हन चालवू नका. कुणी तसा सल्ला दिला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. साधा मीटर अशी गळती नेहमी पकडतोच असं नाही, त्याला मेगर, म्हणजे ५०० व्होल्ट लावून गळती मोजणारा मीटर लागतो.

ओव्हन घरी गेला, आणि दोन दिवसांत ताईंचा फोन. “दादा, आता नानकटाई जळतेय. तुम्ही थर्मोस्टॅट बिघडवला.” खरं तर थर्मोस्टॅटला मी हातही लावला नव्हता, पण नाही कसं म्हणणार? तपासून पाहिलं. ओव्हनचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो जाळीच्या मध्यभागी ठेवायचा, नॉब १८० ला. पहिला आकडा मानायचा नाही. सुरुवातीला ओव्हन हमखास वर उसळतो. रॉड तापताना लागणारा दिवा तीनदा लागून विझेपर्यंत थांबायचं, मग सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा लिहायचा. इथं १९५ आणि १६५ आले. मध्य बरोबर १८०. दोन्हीकडे पंधरा अंश झोका हा थर्मोस्टॅटमधल्या साध्या दोन-धातूंच्या पट्टीचा स्वभाव आहे. मध्यच ३० अंशांनी सरकला असता तर नॉबखालच्या बारीक स्क्रूला हात घातला असता, पाव फेरीपेक्षा जास्त नाही, आणि पुन्हा मोजून.

मग विचारलं, नॉब कितीवर लावता? “दोनशे वीसवर. खालून भाजावी म्हणून तशीच सवय झालीय.” वर्षभर त्या अर्ध्या ओव्हनवर भाजत होत्या, आणि पाककृती त्या अर्ध्या ओव्हनच्या होऊन बसल्या होत्या. १६५ वर लावायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात डबा आला, यावेळी खालूनही बदामी. बदललेले जुने रॉड त्यांनी सोबत पाठवले होते. मोजून पाहिले, ३५ आणि ३६. माझ्या टेबलाच्या खणात आहेत. कुणाला लागले तर घेऊन जा.