मुलाखतीला जायच्या आधी कंपनीच्या पीएफचं पान बघा

(नोकरी बदलू पाहणाऱ्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित लेखी रूप)

नमस्कार मंडळी. मी बावीस वर्षं पेरोलमध्ये काढली, म्हणजे पगार करणं, पीएफ भरणं, माणूस सोडून गेला की त्याचा हिशोब करणं, हेच काम. त्यामुळे कंपनी कशी आहे असं मला कोणी विचारलं की मी आधी एकच बघतो, पीएफ कोणत्या तारखेला भरला जातो आणि किती माणसांचा. आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे, कारण हे कुणालाही फुकट बघता येतं आणि तरी बघत कोणी नाही.

माझ्या भाचीचंच सांगतो. नाशिकची आहे, तीन वर्षांचा अनुभव, आणि बाणेरच्या एका कंपनीकडून तिला इंटरव्ह्यूचा कॉल आला, पॅकेज चांगलं, रिव्ह्यूच्या साइटवर रेटिंग 4.3, एचआर म्हणाली आम्ही अजून तीस जण घेतोय. तिने मला फोन केला की मामा जाऊ का. म्हटलं थांब, लॅपटॉप उघड.

ईपीएफओच्या वेबसाइटवर Establishment Search म्हणून एक पान आहे, लॉगिन लागत नाही. तिथे कंपनीचं नाव टाकायचं, कॅप्चा भरायचा. आम्ही नाव टाकलं तर काहीच आलं नाही. इथेच बरेच जण सोडून देतात, पण कारण साधं असतं, बाजारात चालतं ते ब्रँडचं नाव आणि सरकारदरबारी असतं ते वेगळं. बायजूज म्हणून जी कंपनी सगळ्यांना माहीत होती तिचं नोंदणीतलं नाव थिंक अँड लर्न प्रायव्हेट लिमिटेड. खरं नाव कुठे मिळतं? कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यात खाली प्रायव्हसी पॉलिसी असते तिच्यात, नाहीतर ऑफर लेटरच्या लेटरहेडवर. ते टाकल्यावर आमच्यासमोर एक ओळ आली, पुण्याची असल्यामुळे कोड PUPUN ने सुरू होणारा. मग पेमेंटचे डिटेल्स उघडले.

आता नीट ऐका. तिथे महिन्यागणिक ओळी असतात, कोणत्या महिन्याच्या पगाराचा पीएफ, तो जमा कधी झाला, रक्कम किती, माणसं किती. नियम असा की या महिन्याच्या पगाराचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा. भाचीच्या कंपनीचं असं होतं: ऑक्टोबरचा 14 नोव्हेंबरला, 112 माणसं. नोव्हेंबरचा 15 डिसेंबरला, 110. डिसेंबरचा 29 जानेवारीला, 104. मग जानेवारी आणि फेब्रुवारी दोन्हींचा एकदमच 19 मार्चला, आणि फेब्रुवारीत माणसं 81. मार्चचा मे महिन्यात, 77 माणसं. आणि एप्रिलचा नाहीच, आम्ही बघत होतो तेव्हा 10 जून उजाडलेला.

पीएफ उशिरा भरणं कंपनीला परवडत नाही, त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज लागतं, वर दंड वेगळा. तरीही उशीर होतोय याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, पंधरा तारखेला खात्यात पैसा नव्हता. आणि त्यात अर्धा पैसा तर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला असतो, म्हणजे कापला त्याच्या पगारातून आणि वापरला कंपनीने. मी पेरोलला असताना पैशाची ओढ लागली की सगळ्यात आधी पीएफ मागे ढकलला जायचा, पगार त्याच्यानंतर. म्हणून पगार लांबायच्या आधी इथे चाहूल लागते.

मग आम्ही रिव्ह्यू वाचले, पण 4.3 कडे न बघता. तो आकडा पाच-सहा वर्षांच्या सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी असतो, दोन वर्षांपूर्वी खुश असलेला माणूसही त्यात धरलेला असतो. नवे आधी असं लावून घ्या आणि तारखा बघा. फेब्रुवारीत एकाने लिहिलं होतं की सोडून चार महिने झाले, फुल अँड फायनल अजून नाही. त्याच्यानंतर सहा दिवसांत नऊ रिव्ह्यू, सगळे पाच स्टारचे, आणि काय आवडत नाही या रकान्यात सगळ्यांचं उत्तर एकच, काही नाही. असा घोळका दिसला की ते बाजूला ठेवा. दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा, त्यांच्यात माणूस चांगलंही सांगतो आणि वाईटही. आणि एकच तक्रार वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे लोक वेगवेगळ्या महिन्यांत करत असतील, पगाराची तारीख, रिलिव्हिंग लेटर अडवणं, तर ती खरी धरा. बॉस रागीट आहे वगैरे एखाद्यानेच लिहिलं असेल तर त्यावरून मत बनवू नका.

आता मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही चांगली कंपनी हातची घालवाल. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ सक्तीचाच नाही, त्यामुळे छोट्या स्टार्टअपचं नाव नसेल तर घाबरू नका. काही मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो, तिथे आकडे वेगळे दिसतात. कॉन्ट्रॅक्टवरची माणसं कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर असतात, आणि एका कंपनीचे दोन-तीन कोडही असू शकतात, त्यामुळे माणसं एका कोडवरून दुसरीकडे गेली की इथे एकदम गळती झाल्यासारखं वाटतं. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर काही ठरवू नका. सहा-आठ महिन्यांची चाल बघा, आणि माणसं व तारखा दोन्ही एकदम घसरतायत का ते बघा.

ज्यांना अजून एक पाऊल पुढे जायचंय त्यांनी mca.gov.in वर कंपनीचा मास्टर डेटा काढावा. शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा भरलाय एवढंच बघा. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, कंपनीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत, त्यानंतर 30 दिवसांत हिशोब भरायचे. बायजूजचे मार्च 2021 ला संपलेल्या वर्षाचे हिशोब सप्टेंबर 2022 मध्ये बाहेर आले, तोटा 4,588 कोटी. जून 2023 मध्ये ऑडिटर डेलॉइटने राजीनामा दिला, पुढच्या वर्षाचे हिशोबही रखडले म्हणून. त्याच सुमाराला पीएफ वेळेवर न भरल्याच्या बातम्या आल्या, ईपीएफओच्या नोंदींवरूनच. जुलै 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ऑडिटर जायच्या आधी कित्येक महिने हिशोबांचा उशीर कुणालाही दिसत होता.

भाचीने पुढे काय केलं? लिंक्डइनवर त्या कंपनीतून सहा महिन्यांत बाहेर पडलेले चार जण शोधले आणि कंपनी कशी आहे असं न विचारता फक्त दोन प्रश्न पाठवले, पगार कोणत्या तारखेला यायचा आणि फुल अँड फायनल किती दिवसांत मिळालं. दोघांनी उत्तर दिलं. जानेवारीपासून पगार वीस दिवस उशिरा. तरी तिने एचआरला विचारलं की पीएफच्या नोंदीत उशीर दिसतोय, काही कारण आहे का? काही टेक्निकल प्रॉब्लेम होता म्हणाली, कोणता ते मात्र सांगितलं नाही. खरंच पोर्टलची अडचण असती तर एक महिना उशीर झाला असता आणि माणसंही कमी झाली नसती. तिने इंटरव्ह्यूला नाही म्हणून कळवलं.

आणि ऑफर घेतली असेल तरी हे पान बंद करू नका. तुमचा नोटिस पिरियड साठ नाहीतर नव्वद दिवसांचा, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दोन-तीन महिन्यांच्या ओळी अजून येतात. जुन्या ऑफिसात शेवटचा दिवस उरकायच्या आधी, पंधरा तारीख होऊन गेली की ते परत उघडा आणि शेवटची ओळ कोणत्या महिन्याची आहे ते बघा.