पाटी रंगवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

पहिलंवहिलं दुकान उघडणारा माणूस बहुतेक वेळा पाटीपासून सुरुवात करतो. नाव काय ठेवायचं, रंग कुठले घ्यायचे, लोगो कुणाकडून काढून घ्यायचा, पिशवीवर काय छापायचं. या सगळ्याला मिळून ब्रँड आयडेंटिटी म्हणतात. गिऱ्हाईक दुकान कशावरून ओळखतं, ते सारं यात आलं. फोन उचलल्यावर तुम्ही काय बोलता, हेसुद्धा.

ब्रँड पोझिशनिंग म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातली जागा. गरज पडली की त्याच्यासमोर चार पर्याय असतात. त्यांतून त्यानं तुमच्याकडेच का यावं, याचं त्याच्या मनात तयार असलेलं उत्तर म्हणजे तुमचं पोझिशनिंग. आयडेंटिटी तुम्ही स्वतः घडवता. पोझिशनिंग मात्र तुम्ही फक्त ठरवू शकता. ते मनात रुजतं तुमच्या रोजच्या वागण्यातून. म्हणून ते आधी ठरवायचं आणि पाटी त्यानंतर रंगवायची.

आपण एक सायकल दुरुस्तीचं दुकान डोळ्यांसमोर आणू. पहिला प्रश्न, गिऱ्हाईक कोण? समजा, रोज सायकलनं कामाला जाणारी माणसं. दुसरा प्रश्न, तुम्ही नसता तर ती कुठे गेली असती? मोठ्या शोरूममध्ये, जिथे सायकल चार-पाच दिवस अडकून पडते. किंवा त्यांनी तशीच खडखडणारी सायकल चालवली असती. हा दुसरा पर्याय दुकानदाराच्या लक्षात सहसा येत नाही, पण तोही तुमचा स्पर्धकच आहे. तिसरा प्रश्न, तुमच्याकडे वेगळं काय? सकाळी दिलेली सायकल संध्याकाळी परत. आणि चौथा, यावर विश्वास का ठेवावा? कारण ट्यूब, ब्रेकच्या वायरी, चेन असं सतत लागणारं सामान दुकानात कायम भरलेलं असतं, आणि एका दिवसात होतील तेवढीच कामं तुम्ही घेता.

हा चौथा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर देता आलं नाही, तर तिसऱ्याचं उत्तर नुसती जाहिरात ठरते. शिवाय इथे काहीतरी सोडावंही लागतं. शर्यतीच्या महागड्या सायकलींचं काम नाजूक आणि वेळखाऊ. ते घेतलं की संध्याकाळचा वायदा मोडतो. नव्या दुकानदाराला आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं जिवावर येतं, ते मी समजू शकतो. पण सगळ्यांसाठी असलेलं दुकान कुणाच्याच मनात पक्कं बसत नाही.

आता पाटीकडे वळू. रंगाऱ्याला तुम्ही 'छान दिसेल असं कर' म्हणालात, तर तो बहुधा हेल्मेट घातलेला, वाकून पळणारा शर्यतपटू काढून देईल. चित्र सुंदर असेल, पण कामावर निघालेला माणूस ते पाहून म्हणेल, हे आपल्यासाठी नाही. त्याऐवजी 'सकाळी द्या, संध्याकाळी न्या' ही ओळ लांबून वाचता येईल एवढी मोठी हवी. प्रत्येक सायकलला परतीची वेळ लिहिलेली चिठ्ठी बांधा. आणि कामावर जाण्याआधी सायकल टाकता यावी म्हणून दुकान पहाटे लवकर उघडा. हीसुद्धा आयडेंटिटीच.

लोगो तोच ठेवून पोझिशनिंग बदलता येतं. अमेरिकेतली एव्हिस ही गाड्या भाड्यानं देणारी कंपनी हर्ट्‌झच्या मागे, दुसऱ्या क्रमांकावर होती आणि तोट्यात होती. १९६२ साली तिनं उघडपणे सांगायला सुरुवात केली, आम्ही दुसरे आहोत, म्हणून जास्त मेहनत घेतो. गाड्या स्वच्छ ठेवून, टाकी भरून तिनं तो शब्द पाळायचं ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी ती नफ्यात आली. उलट, २०१० साली गॅप या कपड्यांच्या कंपनीनं नवा लोगो आणला. दुकानं तीच, कपडे तेच. लोकांनी इतकी नाराजी दाखवली की आठवड्याभरात जुना लोगो परत आला.

आपलं नेमकं काय बिघडलंय, हे ओळखायला महिनाभर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, 'आमच्याकडेच का आलात?' उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. बहुतेक जण 'वाटेत दिसलं म्हणून' म्हणत असतील, तर तुमची जागा अजून मनात तयार झालेली नाही; पाटी बदलून ती होणार नाही. 'लवकर करून देतात असं ऐकलं, पण दुकान सापडायला वेळ लागला' असं म्हणत असतील, तर काम पाटीचं, नावाचं आहे. आणि लोक 'स्वस्त असेल असं वाटलं' म्हणू लागले, तर तुम्ही ठरवलेली जागा एक आणि लोकांनी दिलेली दुसरी. तेव्हा चारही प्रश्न पुन्हा घेऊन बसा, आणि पाटीवरचा, दारावरचा, चिठ्ठीवरचा कुठला शब्द त्यांना तिकडे घेऊन गेला, ते शोधा.

नमस्कार.