नखावरची मेंदी आणि आषाढातला ताप

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर एका हाताचा फोटो)

हा हात दादरच्या फूलमंडईत शेवंतीच्या वेण्या विकणाऱ्या एका मावशींचा. वय ५८. तुळशीच्या लग्नाच्या रात्री भाच्याने स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली, फ्लॅश मारून हा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. नखांचा बुडाकडचा भाग फिकट आहे, टोकाकडचा पिवळट तांबूस. ग्रुपवर आत्याने कावीळ सांगितली, वहिनींनी रक्त कमी असल्याचं सांगितलं. भाच्याने नेटवर शोधाशोध केली आणि त्याला ‘अर्धं-अर्धं नख’ सापडलं. किडनीच्या जुनाट आजारात नखाचा बुडाकडचा भाग पांढुरका आणि टोकाकडचा तपकिरी-तांबूस दिसू शकतो. ही गोष्ट खरी आहे. रात्री साडेअकराला मावशींच्या घरात किडनीची काळजी शिरली ती अशी.

(दृश्य: फूलमंडई, पहाट. दोऱ्यात शेवंती ओवणारी बोटं, जवळून)

आता तोच हात सकाळच्या उजेडात बघा. पिवळेपणा पार ओसरलाय आणि टोकाकडे स्वच्छ नारिंगी रंग दिसतोय. मोबाइलचा कॅमेरा समोरच्या उजेडानुसार रंग आपल्या अंदाजाने बदलून घेतो. ट्यूबलाइट, पिवळा बल्ब आणि खिडकीतला उजेड, तिन्हींत एकच नख तीन रंगांचं येतं. हाताशेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढला तर निदान कागद किती पिवळा पडलाय ते दिसतं आणि फोटोने रंग किती फिरवला हे कळतं. आणि काविळीची शंका असेल तर नखं नव्हे, डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा असतो, तोही दिवसाच्या उजेडात.

(दृश्य: परळमधला दवाखाना. टेबलावर हात, शेजारी शाळेची पट्टी)

दोन दिवसांनी मावशी त्वचारोगतज्ज्ञांकडे आल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “मावशी, मेंदी कधी काढली होती?” मावशी म्हणाल्या, “हरितालिकेला. सुनेने काढून दिली.”

त्या नारिंगी पट्ट्याची कड नीट बघा. ती बुडाच्या कातडीच्या कडेला अगदी समांतर वळलेली आहे. रंग बाहेरून लागला की असंच होतं. त्या दिवशी कातडीबाहेर जेवढं नख होतं तेवढंच रंगलं, आणि मग खालून कोरं नख वाढत आलं. रंग आतून आलेला असता तर त्याची कड सहसा नखाच्या बुडाशी असलेल्या पांढऱ्या चंद्रकोरीच्या आकारात वळते. शिवाय किडनीच्या आजारातला पट्टा नखाखालच्या मांसल गादीत असतो, म्हणून तो नखाबरोबर पुढे सरकत नाही. मेंदी सरकते. महिन्याच्या अंतराने दोन फोटो काढले तरी हा फरक कळला असता. एका फोटोत तो कळायला मार्ग नाही.

(दृश्य: खिडकीच्या बाजूने आलेला उजेड. मधल्या बोटाच्या नखावर आडवी सावली)

पण भाच्याच्या फोटोत एक गोष्ट मुळीच आली नव्हती. डॉक्टरांनी हात खिडकीकडे नेला, आणि तिरक्या उजेडात दाही नखांवर एकेक आडवी खाच उठून दिसली. फ्लॅश समोरून पडला की खाचेत सावलीच उरत नाही, आणि मोबाइल त्वचा गुळगुळीत करत असेल तर उरलंसुरलंही पुसलं जातं. मावशींच्या नखांवर बुडापासून टोकापर्यंत उभ्या रेघाही आहेत. त्या वयानुसार येतात. त्यांचा धसका घेऊ नये. आडव्या खाचेचं तसं नाही. १८४६ साली बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तिचं वर्णन केलं, म्हणून तिला ‘बो रेघ’ म्हणतात. मोठा ताप, शस्त्रक्रिया, केमोथेरपी अशा धक्क्याने नख तयार करणारी मुळाकडची पेशींची जागा काही काळ मंदावते. त्या दिवसांतलं नख पातळ येतं आणि तो पातळ भाग वाढत्या नखाबरोबर पुढे येतो. खाच एकाच नखावर असेल तर आधी त्या बोटाला लागलेला मार आठवावा. दाही बोटांवर असेल तर सगळ्या शरीराला काहीतरी झालं होतं.

कधी झालं होतं, हे मेंदीमुळे मोजता आलं. मधल्या बोटावर कातडीपासून मेंदीची कड ६ मिलिमीटरवर होती. हरितालिकेला ७० दिवस झाले होते, म्हणजे हे नख १० दिवसांत जेमतेम ०.९ मिलिमीटर वाढतं. पुस्तकातली सरासरी महिन्याला ३ मिलिमीटर, पण वयाबरोबर वेग कमी होतो. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरने ३५ वर्षं स्वतःच्या अंगठ्याचं नख मोजलं. ३२ व्या वर्षी ते दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७ व्या वर्षी ०.०९५.

खाच होती ७.५ मिलिमीटरवर, मेंदीच्या दीड मिलिमीटर पुढे. मावशींच्या वेगाने हे अंतर साधारण १७ दिवसांचं. म्हणजे खाच कातडीबाहेर आली ती नारळी पौर्णिमेच्या सुमारास. त्याआधी ती साधारण महिनाभर कातडीखाली दडलेली असते. तो महिना मागे मोजला की आपण आषाढात पोचतो. सून लगेच म्हणाली, “आषाढी एकादशीनंतर आईंना डेंग्यू झाला होता. आठवडाभर अंथरुणात होत्या.”

हा हिशेब बघायला फार छान वाटतो, पण तो कुठे थांबतो तेही इथेच दिसतं. खाचेने काळ सांगितला, तोही आठवडा-दोन आठवडे इकडे-तिकडे धरून. डेंग्यू हे नाव सुनेने सांगितलं. मलेरिया किंवा न्यूमोनिया झाला असता तरी खाच अशीच पडली असती. आणि फोटोत पट्टी नसेल, बोट जरा तिरपं असेल, तर मिलिमीटरही विसरायचे.

(दृश्य: दोन तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून, पलीकडे खिडकी)

आकारही वरून काढलेल्या फोटोत कळत नाही. डॉक्टरांनी दोन नखं अशी पाठीला पाठ लावून धरली. मध्ये चौकटच्या पत्त्यासारखी फट दिसतेय. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या काही आजारांत बोटांची टोकं फुगतात आणि ही फट बुजते. ही खूण १९७६ साली शॅमरॉथ या हृदयरोगतज्ज्ञाने सांगितली. ती त्यांनी स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर पाहिली होती.

(दृश्य: रक्त काढताना मावशींचा दंड, मग त्यांचा चेहरा)

राहिला वहिनींचा प्रश्न, रक्त कमी आहे का. नखांच्या फोटोवरून हिमोग्लोबिन काढण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात फरक पडत होता २.४ पर्यंत, वर किंवा खाली. बायकांसाठी रक्तक्षयाची सीमा १२ आहे. म्हणजे फोटोने १२ सांगितलं तर खरा आकडा ९.६ असू शकतो आणि १४.४ सुद्धा. म्हणून डॉक्टरांनी नखांवर न थांबता रक्त आणि लघवी तपासायला पाठवली.

किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी ठीक निघाली. हिमोग्लोबिन ९.८ आलं. रक्त कुठे कमी होतंय याचा शोध सुरू झाला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि महिन्याने पुन्हा तपासणीला बोलावलंय.