वाटाण्याचे आईबाप शोधताना

नागपुरात बारावीच्या बायोलॉजीच्या कुठल्याही क्लासमध्ये जाऊन बसा, नंदनवन असो की धरमपेठ, जेनेटिक्सचं गणित आलं की अर्धी बॅच आधी सोळा घरांचा चौकोन आखते आणि गणित मग वाचते.

आज फळ्यावर हे आहे. वाटाण्याच्या दोन उंच झाडांचा क्रॉस, एकाचं फूल जांभळं, दुसऱ्याचं पांढरं. रोपं आली १६०, त्यात उंच जांभळी ६३, उंच पांढरी ५८, बुटकी जांभळी १९, बुटकी पांढरी २०. आईबापांचे जीनोटाइप सांगा.

चौकोन राहू द्या. आधी नुसती उंची बघा, रंग आहे हे विसरूनच जा. उंच १२१, बुटकी ३९, म्हणजे जवळपास ३:१. बुटकं रोप म्हणजे tt, त्यातला एक t आईचा नि एक बापाचा, आणि दोघंही दिसायला उंच, मग दोघंही Tt च. खरं तर यासाठी एक बुटकं रोप दिसलं तरी पुरतं, रेशो फक्त दुजोरा देतो. काही पोरं मात्र अडतात, सर हे नेमकं तिप्पट कुठाय? अरे भाऊ, खुद्द मेंडेलनं १८६६ साली छापलेला आकडा ७८७ उंच नि २७७ बुटकी असा आहे, भागून बघ, २.८४ येतं. हां, आठ-दहाच रोपं असती तर ३:१ आहे की १:१, हे ठरवणं अवघड होतं.

आता उंची विसरा, रंग बघा. जांभळी ८२, पांढरी ७८, म्हणजे १:१. पांढरं झाड vv असतंच, त्यामुळे त्याच्याकडून फक्त v जातो, आणि निम्मी पोरं पांढरी निघाली म्हणजे जांभळ्या झाडानंही निम्म्या वेळा v दिलाय, ते Vv.

तर क्रॉस झाला TtVv × Ttvv. आता चौकोन काढा, पण घरं आठच, कारण पहिलं झाड TV, Tv, tV, tv असे चार गॅमिट देतं, दुसरं नुसते Tv आणि tv. भरून झाला की ३:३:१:१ येतं, १६० मध्ये ६०, ६०, २०, २०. फळ्यावरच्या आकड्यांना अगदी लागून आहे.

हे शेवटचं ताडून बघणं बहुतेक जण गाळतात नि तिथंच फसतात. समजा आकडे ८०, ४०, ०, ४० असे असते. उंची तरीही ३:१, रंग तरीही १:१, आईबापांची अक्षरंही तीच, पण बुटकं जांभळं एकही नाही. म्हणजे पहिल्या झाडात T नि V एकाच क्रोमोसोमवर चिकटून आहेत, गॅमिट फक्त TV आणि tv, आणि चौकोनात घरं उरतात चार.