पावत्यांचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

ऐरोलीतल्या एका स्वयंपाकघरात गेल्या महिन्यात एक अख्खी दुपार गेली, तिची ही गोष्ट. नावं बदललेली आहेत. सुधाकरराव ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, नंदिनीताई एकसष्टीच्या. बँकेत उमर काढलेली म्हणून तिसऱ्या खुर्चीवर मला बसवलं होतं.

सुधाकररावांनी वहीत जमेची बाजू आधीच मांडून ठेवली होती. पीएफ खात्याचं पेन्शन 4,200. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख, दर 8.2 टक्के, म्हणजे दर तीन महिन्यांनी 61,500. महिन्याचे धरले 20,500. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावावर 9 लाख, त्याचे 5,550. एकूण 30,250.

खर्चाच्या बाजूला किराणा, दूध, भाजी, बाई, वीज, गॅस, मोबाईल, औषधं, रिक्षा. सगळं मिळून 22,000.

"अगं, आठ हजार उरतायत!" ते खुशीत म्हणाले.

नंदिनीताई काही बोलल्या नाहीत. फ्रीजवरचा बिस्किटांचा जुना डबा उतरवून त्यांनी टेबलावर उपडा केला. त्यात होत्या नुसत्या पावत्या. सोसायटीचा मेंटेनन्स तिमाहीला 7,500. मालमत्ता कर सहा महिन्यांनी येतो, वर्षाचे 6,000. दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता 48,000. गावचा गणपती, दिवाळी आणि लग्नामुंजीचे आहेर 24,000. नळ, मिक्सर, रंगकाम असल्या किरकोळ दुरुस्तीला 12,000.

"अहो, हे काय शेजारी भरणार आहेत?"

बेरीज बरोबर 1,20,000 आली. बाराने भागा: महिन्याला 10,000. म्हणजे खरा खर्च 32,000, आणि आठ हजार उरण्याऐवजी 1,750 कमी पडतात. वहीवर मनापासून विश्वास ठेवणारी माणसं इथेच फसतात, कारण वही महिन्याची असते आणि मेडिक्लेम वर्षातून एकदाच दार वाजवतो.

त्यात तिमाही व्याजाची आणखी एक गंमत. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी या महिन्यांत खात्यात 61,500 पडतात आणि घर आठवडाभर श्रीमंत होतं. नंदिनीताईंनी तिथल्या तिथे ठरवलं, की त्या दिवशीच आधी सोसायटीचं बिल भरायचं, मेडिक्लेमचे 12,000 वेगळ्या खात्यात टाकायचे, आणि उरलेल्याचे तीन भाग करायचे. (जाता जाता एक सांगते. करपात्र उत्पन्न नसेल तर तसा फॉर्म दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्या. नाही दिलात तर या व्याजातून 10 टक्के कापले जातात आणि परताव्यासाठी रिटर्न भरत बसावं लागतं.)

आता 1,750 चं काय? नंदिनीताईंची साठी उलटलेली असल्याने त्यांच्या नावावर ज्येष्ठ नागरिक योजनेचं वेगळं खातं निघू शकतं. पोस्टातले 9 लाख तिकडे हलवले तर 5,550 ऐवजी 6,150 मिळतील. सुधाकरराव लगेच चप्पल शोधायला लागले. मी थांबवलं. मासिक योजनेचं खातं उघडून तीन वर्षं व्हायच्या आत बंद केलं तर 2 टक्के कापतात, इथे 18,000. महिन्याला 600 जास्त मिळवून ते भरून निघायला 30 महिने लागतील. त्यांचं खातं दीड वर्षाचं. तीन वर्षं पुरी झाली की कपात 1 टक्क्यावर येते, तेव्हा हलवणं शहाणपणाचं. तोवर तूट बँकेतल्या 8 लाखांच्या ठेवीच्या व्याजातून भागेल.

मग मी पुढचं पान उलटलं. व्याजाचा दर खातं उघडलं त्या दिवशीचा, पाच वर्षं तोच. पेन्शनही तेवढंच. भाजीवाल्याला मात्र हे कोणी सांगितलेलं नाही. खर्च वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला तर आजचे 32,000 पाच वर्षांनी जवळजवळ 43,000 होतात. जमा 30 हजारांच्या आसपासच. म्हणून ठेवीचं उरलेलं व्याज आज खायचं नाही, एवढं दोघांनी मान्य केलं. सुधाकरराव ओळखीच्या वर्कशॉपमध्ये आठवड्याला तीन दिवस हिशेब लिहायला जायचं म्हणतायत.

चहा झाला. नंदिनीताईंनी वहीचं कोरं पान काढलं आणि वर लिहिलं, "एकटी".

"हे कशाला आत्ता?"

"आत्ताच. तुम्ही समोर आहात तोवर."

तुमच्यामागे पेन्शन निम्मं, 2,100. बचत योजनेच्या खात्यावर त्यांचं नाव आहे, तेव्हा ते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येईल. एकूण 28,150. खर्चाला आल्या तेव्हा त्या थबकल्या. मेंटेनन्स तेवढाच, कर तेवढाच, बाई आणि वीजही जवळपास तेवढीच. किराणा, औषधं, मेडिक्लेम कमी. बेरीज 23,500.

त्या दुपारी जमेची बाजू वरचढ निघालेलं ते एकच पान. सुधाकररावांनी ते दोनदा वाचलं, आणि कपबशा घेऊन सिंककडे गेले.