पोती कोणी रचली?

नमस्कार. आज एकच परिच्छेद घेऊन आलेय. तो आधी लिहिलाय तसा वाचते आणि मग आपण मिळून तो बोलका करू. मी फिल्मसाठी नॅरेशन लिहिते आणि वाचतेही, त्यामुळे जे लिहिते त्यात दम कुठे लागतो ते मला स्वतःलाच कळतं.

पानशेतच्या पुरावर एक छोटी फिल्म होती, त्याचा मजकूर मला आला तो असा: ‘दिनांक १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरणाच्या मातीच्या भरावाला पडलेल्या भगदाडामुळे उद्भवलेल्या जलप्रलयात पुणे शहरातील नदीकाठच्या वस्त्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर जीवित व वित्तहानी झाली. तत्पूर्वी लष्कराच्या जवानांमार्फत वाळूची पोती रचण्याचे कार्य हाती घेण्यात आले होते. धरणाचे बांधकाम अपूर्णावस्थेत असतानाही त्यामध्ये पाणी साठवण्यात आले होते. खडकवासला धरणाचीही हानी झाल्याने शहराचा पाणीपुरवठा खंडित होऊन नागरिकांची गैरसोय झाली.’

यात एकही चूक नाहीये. डोळ्यांनी वाचलं तर सगळं समजतं. पण आता डोळे मिटा आणि सांगा, काय दिसलं? मी हा परिच्छेद घरी आईला वाचून दाखवला आणि विचारलं, पोती कोणी रचली? ती म्हणाली, पोती कसली गं? म्हणजे जवान, वाळू, पोती सगळं तिच्या कानावरून गेलं आणि तिच्या हाती राहिलं फक्त ‘घेण्यात आले होते’.

असं का झालं ते बघू. पहिलं वाक्य घ्या. ‘भगदाडामुळे उद्भवलेल्या जलप्रलयात’, मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे लिहिणारा जितकं ‘पडलेल्या’, ‘उद्भवलेल्या’ करत जातो तितकं ऐकणाऱ्याला सगळं हातात धरून थांबावं लागतं, कशासाठी धरलंय ते कळायच्या आधीच. वाचणारा मागे जाऊ शकतो, ऐकणारा नाही जाऊ शकत. त्या वाक्यात घडलेलं काय आहे? धरण फुटलं, पाणी आलं, माणसं गेली. या तिन्ही घटना नामं होऊन बसल्यात, भगदाड, जलप्रलय, जीवितहानी, आणि शेवटी उरलेलं एकुलतं एक क्रियापद आहे ‘झाली’. ‘झाली’ने काहीच दिसत नाही.

म्हणून मी पेन्सिल घेते आणि आधी नामांखाली रेघ मारते, जी नामं खरं तर क्रिया आहेत त्यांच्याखाली. बांधकाम म्हणजे बांधणं, साठवण म्हणजे अडवणं, पाणीपुरवठा खंडित म्हणजे नळाला पाणी नाही. मग प्रत्येक रेघेसाठी विचारते, हे कोणी केलं, की आपलं आपण घडलं? हा प्रश्न मराठीत फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे दोन्हीसाठी वेगवेगळी सोय आहे आणि ती आपण वापरतच नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकते. मला बरेच जण विचारतात की कर्मणी प्रयोग टाळायचा ना? नाही. ‘जवानांनी पोती रचली’ हे शाळेच्या व्याकरणाने कर्मणीच आहे, क्रियापद पोत्यांप्रमाणे चालतं, ‘रामाने आंबा खाल्ला’ तसं. आपण सगळे दिवसभर असंच बोलतो. कानाला जड जातं ते ‘जवानांकडून पोती रचली गेली’, त्याला व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ असं वेगळं नाव आहे आणि ते वळण इंग्रजीवरून आलं. आणि त्याचंच भावंड म्हणजे हे ‘रचण्यात आली’, ‘कार्य हाती घेण्यात आले’. घरात कोणी असं बोलत नाही. ‘आज भाजी करण्यात आली आहे’ असं तुम्ही ऐकलंय का कोणाच्या स्वयंपाकघरात?

तर जिथे माणूस आहे तिथे माणसाला पुढे आणा. जवानांनी पोती रचली. पण मी इथे थांबले नाही. ‘रचली’ म्हटलं की काम संपलं, फोटोसारखं. पडद्यावर त्या वेळी रात्र होती, कंदिलाच्या उजेडातलं धरण काढलेलं होतं, म्हणून मी लिहिलं, ‘लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले’. आता ‘राहिले’ जवानांप्रमाणे चालतं, आणि ऐकणारा त्या रात्रीत उभा राहतो, कारण काम अजून चालू आहे आणि धरण टिकणार की नाही हे अजून ठरलेलं नाही. क्रियापदाच्या एका बदलाने एवढं होतं. ‘कार्य हाती घेतलं’ हे तर मुळातच गेलं, रचणं हेच ते कार्य, वेगळं सांगायला नको.

आता जिथे माणूस नाही. धरण फुटलं, भराव खचला, पाणी शिरलं, नळ कोरडे पडले. फुटणं, खचणं, शिरणं, पडणं ही सगळी अशी क्रियापदं आहेत की त्यांना कर्ता बाहेरून आणावा लागत नाही, वस्तू स्वतःच कर्ता होते. आणि ती ऐकायला अस्सल मराठी आहेत. नवशिके लोक सगळं ‘कोणीतरी केलं’ असं करायला जातात आणि ‘पुराने घरं उद्ध्वस्त केली’ असं लिहितात, तेही चालेल, पण ‘घरं वाहून गेली’ जास्त खरं वाटतं, कारण माणसं बोलताना तसंच म्हणतात.

पण याच सोयीचा एक धोका आहे आणि मला त्यावर आज सगळ्यात जास्त बोलायचंय. मूळ मजकुरातलं तिसरं वाक्य बघा, ‘पाणी साठवण्यात आले होते’. पहिल्या मसुद्यात मी ते केलं, ‘धरण पूर्ण झालं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी भरलं’. वाचायला छान, श्वासही बरोबर पुरला. दोन दिवसांनी परत ऐकलं तेव्हा लक्षात आलं की ‘पाणी भरलं’ म्हणजे पावसाने आपोआप भरलं, असंही होतं आणि कोणी तरी भरलं, असंही. मराठीत ते एकच रूप आहे. म्हणजे मी ‘साठवण्यात आले’ काढून टाकलं पण त्यातला लपलेला माणूस तसाच लपलेला ठेवला, आणि वर ते इतकं सहज केलं की कोणाला शंकाही येणार नाही. ‘साठवण्यात आले’ मध्ये निदान अडखळायला तरी होतं.

म्हणून अशा जागी ‘कोणी?’ हा प्रश्न भाषेचा राहत नाही, तो माहितीचा होतो. मी फिल्म करणाऱ्यांना फोन केला, हे पाणी अडवलं कोणी? धरण सरकारने बांधायला घेतलं होतं, ते अजून पुरं झालं नव्हतं, आणि त्याच पावसाळ्यात त्यात पाणी अडवायचा निर्णयही सरकारी पातळीवर झाला. मग वाक्य झालं, ‘धरण अजून बांधून पूर्ण झालं नव्हतं. तरी सरकारने त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं’. कोण्या एका अधिकाऱ्याचं नाव मी लिहिलं नाही, कारण तेवढा पुरावा समोर नव्हता, आणि जेवढं ठाऊक आहे तेवढंच कर्त्याच्या जागी बसवायचं. कधी कधी कर्ता खरंच कळत नाही. तेव्हा ‘कोणी तरी’ म्हणा, ‘लोक सांगतात’ म्हणा, पण खोटा कर्ता बसवू नका. आणि कधी कर्ता महत्त्वाचाच नसतो, ‘खडकवासल्याचं धरण १८७९ साली बांधलं’, इथे कोणी बांधलं हे त्या क्षणी कोणाला नको असतं. मराठीत ‘बांधलं’ एवढं पुरतं, ‘बांधण्यात आले’ची गरज नाही.

मग गैरसोय. ‘नागरिकांची गैरसोय झाली’, हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, रस्ता खोदला तरी तेच, पूर आला तरी तेच. इथे आपल्या भाषेत ‘ला’ची एक सुंदर वाट आहे, ज्याला भोगायला लागलं तो ‘ला’ लावून पुढे येतो: लोकांना पाणी मिळेना. पण मग खरंच काय झालं ते विचारलं तर उत्तर सोपं होतं. पुण्याचं पाणी खडकवासल्याहून यायचं, आणि पानशेतचं पाणी अंगावर आल्यावर तेही धरण फुटलं. पूर ओसरला, गल्लीत चिखल, आणि नळ कोरडे. लोक परत विहिरींकडे वळले. ही गैरसोय.

आता पूर्ण वाचते. मध्ये जिथे थांबते तिथे मुद्दाम थांबते, ऐका.

‘१२ जुलै १९६१. सकाळी सातच्या सुमाराची वेळ. पुण्याच्या वरच्या अंगाला, आंबी नदीवर, पानशेतचं धरण फुटलं. ते अजून बांधून पूर्ण झालं नव्हतं. तरी सरकारने त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं. मातीचा भराव खचायला लागला. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. सकाळी भराव तुटला. ते पाणी खडकवासल्यावर आलं, आणि तेही धरण फुटलं. पुण्यात नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. घरं वाहून गेली. माणसं गेली. पाणी ओसरलं, तर नळ कोरडे. पुण्याला पाणी पाजणारं धरणच उरलं नव्हतं.’

मूळच्या चार वाक्यांची इथे पंधराच्या आसपास वाक्यं झाली. मला सुरुवातीला भीती वाटायची की वेळ वाढेल, पण वाचताना वेळ शब्दांपेक्षा दम घेण्यात आणि अडखळण्यात जास्त जातो. लांब वाक्यात मी दोनदा दम घ्यायचे आणि तोही चुकीच्या जागी, ‘मातीच्या भरावाला’ म्हणून. आता पूर्णविरामाला थांबते आणि तेवढ्यात पडद्यावरचं चित्र बदलतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा, सगळीच वाक्यं तीन शब्दांची केली तर तेही ठोके मारल्यासारखं लागतं. म्हणून ‘पाणी खडकवासल्यावर आलं, आणि तेही धरण फुटलं’ हे मी एकत्र ठेवलं, एका लाटेसारखं, आणि ‘माणसं गेली’ला एकटं सोडलं. रेकॉर्डिंगला मी या दोन शब्दांनंतर मनात तीन आकडे मोजले, आणि एडिट करणाऱ्याला कागदावर लिहून दिलं की ही शांतता कापू नकोस.

आईला परत वाचून दाखवलं. पोती कोणी रचली, विचारलंच नाही मी, तीच म्हणाली, ते जवान गं, रात्रभर.