ओळंब्याखालचा संडास

(दृश्य: सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. तळमजल्याचं स्वयंपाकघर. कॅमेरा गॅसच्या शेगडीवरून सावकाश छताकडे जातो. छतावर परातीएवढा पिवळसर डाग.)

हे माझ्या मामाचं घर. मामी ज्वारीच्या भाकरी थापते तेव्हा पिठाची परात ओट्याच्या डाव्या टोकाला ठेवते. उजवीकडे जागा आहे, पण तिथं वरून थेंब पडतो. रोज नाही, पण कधी पडेल याचा नेम नाही, म्हणून दोन वर्षं झाली, तो अर्धा ओटा कुणी वापरत नाही.

त्या डागाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, धाकट्या मामांचा संडास आहे.

(दृश्य: मागची बोळ. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत.)

जागा वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल. डावी-उजवीकडून पाइप उतरवायला वाव नाही. ड्रेनेजची लाईन मागच्या बोळातून जाते. तळमजला बांधला तेव्हा ते बरोबर ओळखलं होतं. मागच्या भिंतीला उजव्या कोपऱ्यात संडास आणि मोरी, डाव्या कोपऱ्यात स्वयंपाकघर. पाणी भिंतीतून बाहेर पडलं की समोर चेंबर.

पुढं काही वर्षांनी धाकट्या मामांचं लग्न ठरलं आणि वर मजला चढला. आपल्याकडे घरं अशीच वाढतात, एकेका लग्नागणिक. वरच्या मजल्याचा नकाशा काढताना खालचा नकाशा कुणी पुढ्यात घेतला नाही. झोपायच्या खोलीला लागून संडास हवा होता, तो मधे आला. खाली स्वयंपाकघराचा आतला अर्धा भाग होता, हे स्लॅब टाकून झाल्यावर लक्षात आलं.

(दृश्य: पहिला मजला. संडासाच्या दाराशी दोन पायऱ्या. बोळकंडीची फरशी खोलीपेक्षा एक पायरी वर.)

या पायऱ्या नीट पाहा. घरात शिरल्यावर संडासाला पायऱ्या दिसल्या, तर पाइप लांबून आणलाय असं समजायला हरकत नाही. स्लॅब सपाट टाकून झाला होता. संडासाचा भाग खाली घ्यायचा, म्हणजे संकन स्लॅब करायचा, तर तो स्लॅब भरण्याआधी ठरावा लागतो. मग उरतो एकच मार्ग, भर टाकून फरशीच उचलायची.

आता हिशेब करू. संडासाच्या भांड्यापासून मागच्या कोपऱ्यातल्या उभ्या पाइपापर्यंत अंतर 5 मीटर, म्हणजे सोळा-साडेसोळा फूट, आणि वाटेत एक वळण. संडासाच्या आडव्या पाइपाला 40 ला 1 असा उतार देतात. म्हणजे एका मीटरला 25 मिलिमीटर. 5 मीटरला 125 मिलिमीटर, पाच इंच. पाइप स्वतः 110 मिलिमीटरचा, साडेचार इंच धरा. दोन्ही मिळून साडेनऊ इंच, वर फरशी वेगळी. पाइप बोळकंडीच्या फरशीखालून जातो आणि तिथं भर होती सहा इंचांची. त्यातून पाइप वजा केला की उरला दीड इंच. त्यातला अर्धा इंच फरशीखालच्या मसाल्याला गेला.

म्हणजे पाच इंच हवे होते तिथं उतार मिळाला एक इंच.

(दृश्य: पारदर्शक पाइपात पाणी आणि कागदाचे गोळे. आधी पुरेसा उतार, मग जवळजवळ सपाट.)

एवढ्या कमी उतारावर पाणी पुढं निघून जातं आणि मळ मागं राहतो. पुढच्या वेळी तो थोडा सरकतो, पुन्हा थांबतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. टाकीतलं पाणी सगळे जपून वापरतात, संडासात ओततानाही हात आखडतो. सपाट पाइप आणि कमी पाणी, दोन्ही एकत्र आले की तुंबणार हे नक्की. मामांकडे ते वर्षात तीन-चारदा तुंबू लागलं. दर वेळी सळई घातली गेली. एका खेपेला त्या सळईनं वळणावरचा सांधा हलला आणि तिथून भरावात पाणी मुरायला लागलं.

पण हे सगळं नंतर कळलं. आधी कुणी म्हणालं, नळाची लाईन फुटलीय. कुणी म्हणालं, पावसाचं पाणी.

(दृश्य: साठीचे प्लंबर, छताच्या डागावर बोट टेकवून पाहतात.)

ज्यांना सगळे अण्णा म्हणतात त्या प्लंबरनी हातोडी काढलीच नाही. संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ ओढली. नळाच्या पाइपात पाणी कायम दाबाखाली असतं, तो गळत असेल तर व्हॉल्व्ह बंद झाल्यावर थेंब मंदावतो. इथं रात्रभर व्हॉल्व्ह बंद असूनही थेंब तसाच पडत होता. मग त्यांनी सुताला द्यायचा लाल रंग चिमूटभर मागवला. या भागात तो कुठंही मिळतो. निम्मा रंग न्हाणीघराच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाटीत, टाकता आला असता, पण टाकला नाही. म्हणाले, “एका वेळी एकच वाट बघायची, मामी. दोन्हीकडं टाकला तर रंग कुठनं आला कसं कळंल?” सगळा रंग संडासाच्या भांड्यात गेला आणि वर बादलीभर पाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावरचा थेंब गुलाबी होता.

मामीनं त्या दिवशी स्वयंपाक पुढच्या खोलीत केला.

(दृश्य: कोऱ्या कागदावर दोन मजल्यांचे नकाशे, एकावर एक ठेवलेले.)

आता दुरुस्ती. सांधा बदलून फरशी परत बसवली असती तर वर्षभरानं पुन्हा हेच. उतार तोच राहिला असता. म्हणून संडासच हलवायचा ठरला, खालच्या संडासाच्या बरोबर डोक्यावर. नॅशनल बिल्डिंग कोडही हेच सांगतो. संडास दुसऱ्या संडासावर, मोरीवर किंवा न्हाणीघरावर यावा, इतर खोलीवर यायचा असेल तर त्याची जमीन पाणी न झिरपणारी हवी.

नव्या जागी भांड्यापासून उभ्या पाइपापर्यंत अंतर दोन फूट. उतार लागला अवघा 15 मिलिमीटर, बोटाच्या जाडीएवढा. वळण एकही नाही. पायऱ्या दोन होत्या, आता एक बुटकी पायरी उरलीय. भर टाकण्याआधी वॉटरप्रूफिंग करून तो भाग दोन दिवस पाण्यानं भरून ठेवला आणि खालच्या संडासाचं छत हात लावून तपासलं.

त्याच कामात स्वयंपाकघरही हललं. वरचं स्वयंपाकघर पुढं रस्त्याच्या बाजूला होतं. सिंकचा पाइप सज्जाखालून लांब फिरवलेला. शेंगा चटणीचं तेल, भाजीची तर्री, सगळं गरम असताना वाहतं आणि आडव्या पाइपात गार होऊन थराथरानं बसतं. आता ते मागं आलंय, खालच्या स्वयंपाकघरावर. सिंकमधून निघालेलं पाणी हातभर अंतरावर 75 मिलिमीटरच्या उभ्या पाइपात पडतं आणि खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या वास अडवणाऱ्या कुंडीत, जातं. संडासाचा पाइप वेगळा, तो थेट चेंबरला.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. एका पाइपावर भागावं म्हणून संडास आणि स्वयंपाकघर शेजारी आणलंच पाहिजे, असं नाही. कुणाला वास्तूप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला आणि संडास वायव्येला हवा असतो. खुशाल ठेवावा. दोन उभे पाइप लागतील एवढंच. संडास संडासावर आणि ओटा ओट्यावर आला, की झालं.

(दृश्य: गच्ची. सोलर हीटर. खाली उतरणारा गरम पाण्याचा पाइप.)

फायदा सांडपाण्यापुरता नाही. पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून जुन्या न्हाणीघरापर्यंत 14 मीटर पाइप होता. म्हणजे गरम पाणी यायच्या आधी साडेतीन लिटर गार पाणी सोडून द्यायचं. पाच माणसं वेगवेगळ्या वेळी आंघोळीला गेली तर साडेसतरा लिटर, घागरीपेक्षा जास्त. आता नव्या न्हाणीघरापर्यंत तोच पाइप 5 मीटरचा आहे, सव्वा लिटर. ज्या घरात उजनीचं पाणी यायच्या दिवशी सगळी भांडी भरून ठेवतात, तिथं या लिटरांची किंमत सांगावी लागत नाही.

(दृश्य: मागच्या भिंतीवरचा उभा पाइप, गच्चीपासून जमिनीपर्यंत.)

हा पाइप असा एका रेषेत का हवा? उभ्या पाइपात पाणी मधून कोसळत नाही. ते पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटून हातातल्या कड्यासारखं उतरतं आणि मधल्या पोकळीतून हवा जाते. वाटेत आडवं वळण घेतलं की पाणी तिथं साचतं, पोकळी बुजते, अडकलेली हवा जवळच्या ट्रॅपमधून वाट काढते. नहाणी ट्रॅप गुडगुड करतो. उलट कधी हवा ओढली जाते आणि ट्रॅपमधलं वास अडवणारं दोन इंच पाणी निघून जातं. मग घरात वास येतो आणि माणसं फिनाईल टाकत बसतात. गच्चीवरचं पाइपाचं तोंड कुणी बूच मारून बंद केलं तरी हेच होतं.

एकावर एक रचण्याची एक खोटही आहे, ती लपवू नये. वरचे सगळे मजले एका पाइपावर आले, की तळाशी तुंबलेलं पाणी सगळ्यांत खालच्या भांड्यातून वर येतं. म्हणून अण्णांनी तळमजल्याचा संडास या पाइपाला जोडलाच नाही. तो स्वतंत्र पाइपानं चेंबरला गेलाय. उभ्या पाइपाच्या पायथ्याशी काटकोनी वळण न देता 45 अंशांचे दोन बेंड दिले आणि वर डोअर टी बसवला, म्हणजे उघडून साफ करता येतो. मामांना तिथं लोखंडी कपाट ठेवायचं होतं. अण्णांनी ठेवू दिलं नाही.

(दृश्य: गच्चीवर सळ्या बांधायचं काम. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब.)

आता मामेभावाचा मजला चढतोय. त्याला संडास पुढं हवा होता, उजेडासाठी. मामीनं त्याला ओट्याच्या उजव्या बाजूला नेऊन छत दाखवलं.

स्लॅब उद्या भरायचाय. अण्णांनी पाइपासाठी स्लॅबमध्ये सोडायची दोन भोकं खुणावलीत, एक 110 च्या पाइपाची, एक 75 च्या. पहिल्या भोकातून ओळंबा सोडलाय. दोरी पहिल्या मजल्याच्या पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबते. अजून अर्धा इंच डावीकडं आहे. अण्णा वरून ओरडतात, “हलवू नका, मी फळी सरकवतो.”